या चुका टाळा: दातांना थंड लागतं आणि ब्रशवर काळी पेस्ट आहे

समजा, एका बाईंना वरच्या सुळ्याच्या मागच्या दोन दातांना हिरडीलगत थंड पाणी लागतं. आरशात पाहिलं तर तिथे हिरडी जराशी वर सरकलेली आणि दातांचा गळा पिवळसर दिसतो. पिवळेपणा घालवायला त्या चारकोल पेस्ट आणतात आणि तो भाग रोज जोर लावून घासतात. महिनाभरात कळ वाढते आणि पिवळा पट्टा तसाच राहतो.

इथली मूळ चूक म्हणजे त्या पिवळ्या रंगाला डाग समजणं. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हिरडीजवळ येता येता पातळ होत जातं आणि गळ्याशी संपतं. हिरडी सरकली की तिच्याखाली झाकलेलं मूळ उघडं पडतं. मुळावर सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो. तो झिजला की खालचं डेंटीन समोर येतं, आणि डेंटीनचा रंग मुळातच पिवळट असतो. इनॅमलमध्ये वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज असतं, तर डेंटीनमध्ये साधारण ७० टक्के. त्यामुळे जी पेस्ट इनॅमलला फारसा धक्का लावत नाही, तीच डेंटीनला खाऊ शकते. डेंटीनमध्ये बारीक नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. नळ्यांची तोंडं उघडी असली की थंडाने तो द्रव हलतो आणि आतल्या नसेला ते कळतं. म्हणून पिवळं घालवायला जितकं घासाल तितकं पिवळं जास्त उघडं पडतं, आणि थंडही जास्त लागतं.

चारकोलबद्दल बोलताना दोन टोकं टाळायला हवीत. काळी पेस्ट म्हणजे सँडपेपर, असं सरसकट म्हणता येत नाही. कोळशाचे कण किती बारीक दळलेत आणि त्यांच्यासोबत दुसरं काय घातलंय यावर सगळं ठरतं. काही काळ्या पेस्ट मवाळ निघतात, काही चांगल्याच खरखरीत. पण ‘कोळसा डाग शोषून घेतो’ हा दावाही तोलून पाहायला हवा. पेस्ट तोंडात जेमतेम दोन मिनिटं असते आणि कोळसा आधीच ओल्या मिश्रणात भिजलेला असतो. जो काही उजळपणा दिसतो तो बहुतेक चहा, कॉफी, तंबाखूचे वरवरचे डाग घासून गेल्याचा. दाताच्या आतला रंग त्याने बदलत नाही. २०१७ साली जर्नल ऑफ द अमेरिकन डेंटल असोसिएशनमध्ये चारकोल मंजनांवरच्या संशोधनाचा आढावा आला होता. ती सुरक्षित आणि परिणामकारक आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ब्रश बुडवून लावायची सुटी कोळशाची पूड तर सेन्सिटिव्ह दातांवर मुळीच नको. शिवाय काळे कण जुन्या फिलिंगच्या कडेला, दातांच्या भेगांत आणि हिरडीच्या खोबणीत अडकतात. तिथे बसलेली काळी रेघ घरी निघत नाही.

पुढची चूक म्हणजे पेस्ट बोटांवर चोळून खरखर अजमावणं. घासणारे कण इतके सूक्ष्म असतात की बोटाला मऊ लागलेली पेस्टही डेंटीनला कठीण ठरू शकते. प्रयोगशाळेत यासाठी आरडीए नावाचं माप आहे. ठरावीक पद्धतीने ब्रश फिरवून डेंटीन किती झिजलं ते मोजतात आणि एका प्रमाण पावडरीशी ताडून पाहतात. त्या पावडरीला १०० धरलेलं आहे. २५० ही आंतरराष्ट्रीय मानकातली वरची मर्यादा आहे, पण ती सर्वसाधारण वापरासाठी. मूळ उघडं असेल तर ७० च्या आसपास किंवा त्याखालची पेस्ट बरी, असं माझं मत आहे.

अडचण अशी की हा आकडा ट्यूबवर सहसा छापत नाहीत. मग लोक घटकांची यादी पाहून अंदाज बांधतात, आणि तिथेही फसगत होते. यादीत ‘हायड्रेटेड सिलिका’ दिसली म्हणून पेस्ट खरखरीत आहे असं समजू नका. हीच सिलिका एका रूपात घासायचं काम करते आणि दुसऱ्या रूपात पेस्ट नुसती घट्ट ठेवते. नाव मात्र दोन्हींचं एकच. कॅल्शियम कार्बोनेटचंही कणांच्या आकारावर ठरतं. म्हणून आकडा हवाच असेल तर कंपनीला ईमेल करून विचारा. विचारायची सोय नसेल तर समोरचे मोठे शब्द वाचा. ‘व्हाइटनिंग’, ‘डाग घालवणारी’, ‘धूम्रपान करणाऱ्यांसाठी’ असं लिहिलेल्या पेस्टमध्ये घासणारा भाग जास्त असण्याची शक्यता असते, तेव्हा थंड लागणाऱ्या दातांसाठी त्या बाजूला ठेवा. ट्यूबच्या शेपटीवरचा रंगीत चौकोन मात्र वाचायची गोष्टच नाही. कारखान्यातल्या मशीनला ट्यूब कुठे कापायची हे कळावं म्हणून तो असतो. हिरवा म्हणजे नैसर्गिक आणि काळा म्हणजे रसायनं, ही निव्वळ अफवा आहे.

आता त्या बाईंनी नवी ट्यूब कशी निवडावी ते पाहू. आधी मागची बाजू वाचायची आणि फ्लोराइड शोधायचं. सोडियम फ्लोराइड, सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट किंवा स्टॅनस फ्लोराइड यांपैकी काहीतरी हवं, आणि मोठ्या माणसाला १००० ते १५०० पीपीएम. बऱ्याच चारकोल पेस्टमध्ये ते नसतंच. ते नसलं तर उघड्या मुळाला कीड लागायचा धोका वाढतो. त्यानंतर दुखण्यावरचा घटक पाहायचा. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट नसेचा संवेदनशीलपणा कमी करतं. स्टॅनस फ्लोराइड किंवा कॅल्शियम कार्बोनेटसोबतचं ८ टक्के आर्जिनिन नळ्यांची तोंडं बुजवतं. समोर ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलंय पण मागे यांतलं किंवा अशा कामाचं दुसरं काहीच नाही, तर ती ट्यूब परत ठेवायची. आणि ‘सेन्सिटिव्ह’सोबत ‘व्हाइटनिंग’ही लिहिलं असेल, तर निदान थंड लागायचं थांबेपर्यंत साधी सेन्सिटिव्ह पेस्टच घ्यायची.

योग्य पेस्ट आणूनही चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून ती सोडून देणारे खूप असतात. पोटॅशियमच्या पेस्टला दोन ते चार आठवडे लागतात, तेही दिवसातून दोनदा नेमाने लावली तर. मऊ ब्रश घ्या, तो मुठीत न आवळता बोटांच्या टोकांत धरा आणि हिरडीलगत छोटी वर्तुळं काढा. नुसत्या ओल्या ब्रशने डेंटीन फारसं झिजत नाही. ते झिजतं पेस्ट आणि जोर एकत्र आल्यावर. घासून झाल्यावर फक्त थुंका. लगेच खळखळून चूळ भरली तर फ्लोराइड वाहून जातं. आंबट सरबत किंवा कोल्ड्रिंक प्यायल्यावर अर्धा-एक तास ब्रश लावू नका, कारण आम्लाने मऊ झालेला थर तेव्हा सहज निघतो.

चार आठवड्यांनी त्याच दातांवर गार पाण्याचा घोट घेऊन पाहा. कळ कमी झाली असेल तर तीच पेस्ट चालू ठेवा. पण एकच दात दुखत असेल, चावताना कळ येत असेल, गरमही लागत असेल किंवा कळ मिनिटभर रेंगाळत असेल, तर ट्यूब बदलत बसू नका. कीड, चीर किंवा आतल्या नसेची सूज अशीच कळ देते, आणि त्यावर पेस्टचा उपयोग होत नाही. अशा वेळी चार आठवडेही न थांबता डॉक्टरांना दाखवा.