जुन्या पिलरला जॅकेटिंग: माझा पहिला कॉलम आणि वर राहिलेली फट

डिप्लोमा झाल्यावर मी रत्नागिरीत एका रिपेअरवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडे ट्रेनी म्हणून लागलो. कॉलेजात जॅकेटिंगचं, म्हणजे कमकुवत जुन्या कॉलमभोवती सळ्या आणि काँक्रीटचा नवीन थर चढवण्याचं, एक चित्र असतं, आत जुना कॉलम, बाहेर नवीन सळ्या, झालं. साइटवर गेल्यावर कळलं की त्या चित्रात वरचं टोक आणि खालचं टोक दाखवलेलंच नसतं, आणि सगळी भानगड तिथेच होते. नवीन कोणी या लाइनला येत असेल तर माझा पहिला कॉलम कसा झाला, आणि कसा चुकला, ते सांगतो.

बिल्डिंग ग्राउंड प्लस टू, चाळीसेक वर्षं जुनी, समुद्र हाकेच्या अंतरावर. भिंती चिऱ्याच्या, फ्रेम आरसीसीची. पार्किंगमधल्या एका कॉलमला कोपऱ्यातल्या सळईच्या रेषेत उभी चीर गेलेली, बोट घातलं की तांबूस पापुद्रे हातात यायचे. कॉलम २३० बाय ३०० एमएम, म्हणजे आपला नऊ बाय बारा इंची. मालक काकांचं म्हणणं, "सिमेंटचा गिलावा मारून टाका की, पाच मिनटाचं काम." गिलावा आधी दोनदा मारलेला होताच. आत गंज चालू असला की सळई फुगते, गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि नवीन गिलावा एक-दोन पावसाळ्यात परत ढकलून बाहेर काढते.

आमच्या स्ट्रक्चरल साहेबांनी आधी कोअर, म्हणजे कॉलमच्या आतल्या काँक्रीटचे गोल नमुने, काढायला लावले. काँक्रीटवर ठोकून ताकद सांगणाऱ्या रिबाउंड हॅमरवर मी फार खूष होतो कारण आकडे चांगले येत होते, तर ते म्हणाले जुन्या काँक्रीटचं वरचं साल हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेलं असतं, हॅमर तेच वाचतो, आतलं नाही. कोअरमधून काँक्रीटची ताकद निघाली ११ एमपीए. आणि बारा एमएमच्या चार सळ्या होत्या त्या घासून मोजल्या तर जाडी दहा एमएमच्या आसपास उरलेली.

आता हिशोब, कारण हा मला पुस्तकापेक्षा त्या दिवशी जास्त कळला. तीन स्लॅबचं मिळून या कॉलमवर साधारण ४२ टन येत होते, दीडचा फॅक्टर लावून ६३ टन. आयएस ४५६ या कोडच्या साध्या फॉर्म्युल्याने कॉलमची ताकद निघते, काँक्रीटची ३० टन आणि सळ्यांची पाच, म्हणजे ३५. मी विचारलं मग हा उभा कसा आहे? तर त्या फॉर्म्युल्यात सेफ्टी आधीच कापलेली असते, तीच खात खात हा उभा होता. कमी पडत होते २८ टन. एम ३० ग्रेडच्या काँक्रीटचं जॅकेट धरलं आणि रिपेअरचा कोड आयएस १५९८८ सांगतो तसं हिशोबात निघालेल्या काँक्रीटच्या दीडपट दिलं तरी चारी बाजूंनी ३० एमएम जाडी पुरते! मी लगेच म्हटलं, साहेब मग तुम्ही जॅकेटची जाडी १०० एमएम कशाला धरलीय, काका पण खूष होतील, पार्किंगची जागा वाचेल.

साहेबांनी कागदावर कॉलमचा एक कोपरा काढला. किनाऱ्यावर कव्हर ४५ एमएम, रिंग ८ ची, मेन सळई १६ ची, झाले ६९. शंभरातून वजा केले तर सळईच्या मागे जुन्या काँक्रीटपर्यंत उरले ३१ एमएम, आणि तेवढ्यातून खडी खाली उतरली पाहिजे. म्हणजे १०० ही जाडी लोडसाठी नाही, काँक्रीट आत जाण्यासाठी आहे, कोडमध्ये पण कमीत कमी तेवढीच सांगितलीय. आणि खडी दहा एमएमची बारीकच घ्यायची, वीसची घातली की सळईमागे अडकते आणि बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या कॉलमच्या पोटात पोकळ्यापोकळ्यांचा हनीकोंब तयार होतो.

काम सुरू करताना पहिली गोष्ट जॅक. बीमला खालून लावायच्या टेकूला, म्हणजे प्रॉपला, आमच्याकडे सगळे जॅकच म्हणतात. कॉलमला येणाऱ्या प्रत्येक बीमखाली, आणि वरच्या मजल्यांवर पण त्याच रेषेत, खाली मातीवर जाड फळी टाकून. मला वाटायचं जॅक म्हणजे नुसती खबरदारी, पण चिपिंगचं गणित बघा. २३० बाय ३०० म्हणजे ६९ हजार चौरस एमएम. चारी बाजूंचं फक्त २५ एमएमचं कव्हर काढलं तर उरतं १८० बाय २५०, म्हणजे ४५ हजार. आधीच कमी पडणाऱ्या कॉलमचा तिसरा हिस्सा आपण स्वतः काढून टाकतो, वर माणसं राहत असताना! म्हणून एका वेळी एकच बाजू फोडायची, आणि मोठा ब्रेकर नाही लावायचा, छोटं चिपिंग मशीन नाहीतर छिन्नी-हातोडा. सळईच्या मागे बोट फिरेल इतकं मोकळं करायचं, नाहीतर मागचं खारट काँक्रीट तसंच राहतं आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. जिथे काँक्रीट शाबूत आहे तिथे पण टाचे मारून खडी दिसेपर्यंत खरबरीत करायचं.

इथे माझी पहिली चूक. घासून झाल्यावर धूळ काढायला पाणी मारायचं होतं, नळाला पाणी नव्हतं म्हणून मी आवारातल्या विहिरीचं मारलं. समुद्रालगतची विहीर, उन्हाळ्याची अखेर, पाणी मचूळ. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर चकचकीत घासलेल्या सळ्या केशरी! मुकादम माझ्याकडे बघून नुसता हसला, म्हणाला, "पोरा, चाखून तरी बघायचंस." आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलीग्रामच्या वर चालत नाही, आणि मी तेच मीठ कॉलमला लावलेलं. नळाच्या पाण्याने सगळं दोनदा धुतलं, परत घासलं, मग लगेच सळ्यांना अँटीकोरोझिव्ह कोट. एक दिवस फुकट गेला आणि तो माझ्या नावावर लागला.

मग खालचं टोक. फुटिंगच्या माथ्यापर्यंत खणायचं. बरेच जण जॅकेटच्या सळ्या लादीवर उभ्या करतात, मग ते जॅकेट नाही, कॉलमला गुंडाळलेली गोधडी आहे, त्यातून लोड फुटिंगपर्यंत जाणार कसं. आम्ही फुटिंगमध्ये २० एमएमची भोकं २४० खोल मारून १६ च्या आठ सळ्या केमिकलने बसवल्या. भोकातली धूळ हवा मारून, ब्रश फिरवून, परत हवा मारून काढायची, ती राहिली की केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही. फुटिंगचं काँक्रीट पण जुनंच, म्हणून एक जादा सळई बसवून ती मशीनने ओढून बघितली आणि मगच पुढे गेलो.

सळ्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायच्या, कारण मधल्या सळ्या वर जाऊन बीमला धडकतात, कोपऱ्यातल्या मात्र बीमच्या बाजूने स्लॅबला भोक पाडून वर जातात. रिंगा ८ च्या, १०० एमएमवर. उभ्या कॉलमवर अख्खी रिंग वरून घालता येत नाही म्हणून दोन तुकडे करून अडकवतात, आणि फिटरला हूक १३५ अंशात वाकवायचा कंटाळा येतो, काटकोनात सोडून देतो. काटकोनातला हूक भूकंपात कव्हर उडालं की उघडतो, त्यामुळे सेंट्रिंग लागण्याआधी प्रत्येक हूक मी बघतो, आजही. जुन्या काँक्रीटमध्ये ३०० एमएमच्या अंतराने एल आकाराचे डॉवेल, म्हणजे जुन्या-नव्याला अडकवणारे सळईचे तुकडे, पण बसवले.

जुन्या-नव्या जोडाला इपॉक्सी बाँडिंग कोट लावायचा की नाही यावर वाद आहे, माझं मत सांगतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेत काँक्रीट पडणार असेल तरच लावा. आपल्याकडे कोट लावून मग सुतार सेंट्रिंग बंद करत बसतो, तोवर तो सुकून काचेसारखा होतो आणि जोडण्याऐवजी दोन थर वेगळेच ठेवतो. आम्ही लावला नाही. जुनं काँक्रीट आदल्या दिवसापासून ओलं ठेवलं, ओतताना वर पाणी साचलेलं नको एवढं बघितलं.

काँक्रीट एम ३०, प्लास्टिसायझर घालून पातळ वाहतं केलेलं, पाणी वाढवून नाही. मीटर-मीटरच्या टप्प्यात सेंट्रिंग वर नेत गेलो, सगळं छान. शेवटचा टप्पा बीमच्या तळापर्यंत, तिथे सेंट्रिंगच्या प्लेटला बाहेरून नरसाळ्यासारखी चिमणी करून त्यातून ओतलं, प्लेटवर हातोडी मारत. भरलं असं वाटलं. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला पण.

दुसऱ्या दिवशी प्लेटा निघाल्या. साहेब आले, खिशातून एक्सॉ ब्लेडचा तुकडा काढला आणि जॅकेटचा माथा आणि बीमचा तळ यांच्यामध्ये सरकवला. ब्लेड सरळ आत गेलं, जुन्या कॉलमला टेकेपर्यंत. काँक्रीट ओतल्यावर बसतं, पाणी वर येतं, थोडं आकसतं, आणि वर दहा-बारा एमएमची फट राहते. खालून बघितलं तर दिसतही नाही, सिमेंटच्या ओघळाने तोंड झाकलेलं असतं. साहेब म्हणाले, "हा कॉलम आता फक्त जाड दिसतो. बीम अजून जुन्याच नऊ बाय बारावर बसलाय."

मग माथ्याची ७५ एमएमची पट्टी चारी बाजूंनी फोडली, प्लेटा परत आवळल्या, फटीबिटी सील केल्या, आणि नॉनश्रिंक ग्राउट, म्हणजे न आकसणारं पातळ मिश्रण, एकाच बाजूने ओतत राहिलो, चिमणीतली पातळी बीमच्या तळापेक्षा वर ठेवून, समोरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. दोन बाजूंनी ओतलं की मध्ये हवा कोंडते. हे मुळात पहिल्याच दिवशी करायचं असतं, वरचे ७५ सोडून काँक्रीट थांबवायचं आणि नंतर ग्राउट. आता आम्ही असंच करतो.

एक गोष्ट मला उशिरा कळली. जॅक आवळले म्हणून कॉलमवरचं सगळं वजन उतरत नाही, थोडंच उतरतं. जे आधीपासून जुन्या गाभ्यावर आहे ते बरंचसं तिथेच राहतं, जॅकेट मुख्यतः पुढे येणारं लोड घेतं आणि गाभा हळूहळू दबेल तसं त्याच्याकडून सरकणारं. म्हणून जॅक घाईने काढायचे नाहीत, आम्ही काँक्रीटचे २८ दिवसांचे क्यूब टेस्टला फोडून होईपर्यंत ठेवले.

आणि एकच कॉलम जाड करून थांबता येत नाही. २३० चा ४३० झाला की त्या बाजूने त्याचा ताठपणा कागदावर दहा-अकरा पट होतो, आणि भूकंपात ताठ कॉलम जास्त जोर स्वतःकडे ओढतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्या लोकांना अजून आठवतो. साहेबांनी सगळी फ्रेम परत तपासून समोरच्या बाजूचा जोडीचा कॉलम पण जॅकेटमध्ये घेतला, चीर नसताना. काकांना तो खर्च अजिबात पटला नव्हता.

ग्राउटच्या तिसऱ्या दिवशी प्लेटा काढल्या तेव्हा ब्लेड मी स्वतः घेऊन गेलो. चारी बाजूंनी ठिकठिकाणी घालून बघितलं, टोकसुद्धा शिरलं नाही. हातोडीने माथ्याला टकटक केलं, आवाज भरीव. काका मागे उभे होते, त्यांचं लक्ष भलतीकडेच, त्यांनी टेप मागून घेतला, दोन कॉलममधलं अंतर मोजलं आणि म्हणाले, "पिलर झाला रे छान, पण माझी स्कूटर आता आडवी लावू कुठे?"