पडत्या दांड्याचे गणित सोडवताना या चुका टाळा

खालचे टोक बिजागरीत बसवलेला, L लांबीचा आणि m वस्तुमानाचा एकसमान दांडा उभ्या स्थितीतून अलगद सोडला, तर उभ्या रेषेशी θ कोन होताना त्याची कोनीय चाल किती आणि बिजागरीचे बल किती, हे मी दरवर्षी वर्गात विचारतो आणि उत्तरपत्रिकांत दरवर्षी त्याच चुका आढळतात.

कोनीय चाल काढताना पुष्कळजण सारे वस्तुमान मध्यबिंदूपाशी आहे असे धरतात आणि दांड्याचे स्वतःभोवतीचे फिरणे सोडून देतात. टोकाभोवतीचे जडत्व आघूर्ण mL²/3 घेतले, तर ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून

```
ω² = (3g/L)(1 − cosθ)
```

मिळते. 1 मीटरचा दांडा आडवा होताना ω सुमारे 5.42 रेडियन प्रतिसेकंद असते. चुकीच्या रीतीने ती 6.26 येते. कोनीय त्वरण (3g/2L) sinθ असून ते कोनाबरोबर वाढते, म्हणून येथे ω² = 2αθ वापरता येत नाही.

मात्र मला खरी तळमळ आहे ती बलाविषयी. एका हुशार विद्यार्थ्याने आडव्या स्थितीतील बल 3mg/2, दांड्याच्या दिशेने, एवढेच लिहिले आणि उत्तर पूर्ण आहे असा त्याचा आग्रह होता. मी त्याला मध्यबिंदूचे खालच्या दिशेचे त्वरण काढायला सांगितले. ते 3g/4 आले. बिजागरी वर ढकलत नसती, तर ते g आले असते. तेव्हा उरलेले mg/4 बल कोणी दिले, या प्रश्नावर तो बराच वेळ गप्प राहिला. घाईने ‘बल दांड्याच्या दिशेनेच असते’ असे मानणे दोरीला शोभते, कारण दोरीला आडवे बल पेलता येत नाही. दांड्याला पेलता येते. मी नेहमी दोन समीकरणे मांडतो, एक दांड्याच्या दिशेने आणि एक त्याला लंब:

```
दांड्याच्या दिशेने, बाहेरच्या बाजूस: (mg/2)(5cosθ − 3)
दांड्याला लंब, पडण्याच्या विरुद्ध: (mg/4) sinθ
```

पहिले बल θ = 53.1° ला शून्य होते आणि त्यापुढे बिजागरी दांड्याला ढकलण्याऐवजी ओढते. ऋण चिन्ह दिसताच ते पुसून टाकणाऱ्यांना हा बदल कळतच नाही. 0.6 किलोग्रॅमचा दांडा आडवा असताना ओढ 8.82 न्यूटन, वरचे बल 1.47 न्यूटन आणि परिणामी बल 8.94 न्यूटन भरते.

बिजागरीऐवजी दांडा नुसता फरशीवर टेकलेला असेल, तर हीच सूत्रे टोक घसरेपर्यंतच लागू पडतात. फरशीचे उभे बल (mg/4)(3cosθ − 1)² असते व ते 70.5° ला शून्य होते, म्हणून फरशी कितीही खरखरीत असली तरी टोक त्याआधीच घसरते. घर्षण गुणांक सुमारे 0.37 पेक्षा कमी असल्यास ते पडण्याच्या उलट दिशेला सरकते, आणि जास्त असल्यास दांडा पडतो त्याच दिशेला.