दिवसभर चालणारा हेडफोन तासाभरात बंद पडतोय? या चुका टाळा

माझा भाचा आठवड्यातून तीन दिवस पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोडहून मुंबईला कामाला जातो. गाडीत बसल्या बसल्या हेडफोन कानावर चढतो. पूर्वी एकदा चार्ज केला की जाणं, येणं आणि मधला ऑफिसचा वेळ धरून तो पुरायचा. या पावसाळ्यात मात्र इगतपुरी येईपर्यंतच बंद पडायला लागला, आणि तेही फोनवर हेडफोनची ६० टक्के बॅटरी दिसत असताना.

"मामा, घाट सुरू व्हायच्या आधीच हा मरतो. ६० टक्के असताना मरतो म्हणजे बॅटरी चांगली आहे ना? फक्त कॅलिब्रेशन बिघडलंय?"

प्रश्न रास्त होता, पण त्यातला अंदाज चुकीचा होता. बहुतेक जण इथेच फसतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

चूक पहिली: कॅलिब्रेशनला औषध समजणं

त्याला एका दुकानात सांगितलं होतं की बॅटरी पूर्ण उतरवा, पूर्ण चढवा, असं चार-पाच वेळा करा. त्याने आठवड्यात चार रात्री ते केलं. आधी १ तास १० मिनिटं चालायचा, नंतर १ तास ५ मिनिटं.

कॅलिब्रेशन म्हणजे दिसणारे टक्के खऱ्या चार्जशी जुळवणं. हे आकड्याचं काम आहे, बॅटरीच्या सेलचं नाही. काही हेडफोनमध्ये सेलमध्ये किती करंट गेला आणि किती बाहेर आला याची मोजदाद ठेवणारी चिप असते. महिनोन्‌महिने अर्धवट चार्जिंग करत राहिलं की तिचा हिशेब हळूहळू सरकतो. अशा सेटमध्ये एकदा पूर्ण उतरवून, मध्ये न काढता पूर्ण चार्ज केलं, की हिशेब पुन्हा शून्यापासून जुळतो. चिपच सेलला वेळेआधी रिकामा समजत असेल, तर त्या एका फेरीनंतर चालण्याचा वेळ खरोखर वाढतो. एका फेरीत फरक पडला नाही, तर पाचव्या फेरीतही पडणार नाही. उलट प्रत्येक पूर्ण फेरी म्हाताऱ्या सेलला आणखी थकवते.

कितीतरी सेटमध्ये तर अशी चिपच नसते. ते फक्त सेलचा व्होल्टेज बघतात आणि त्यावरून टक्के ठरवतात. तिथे कॅलिब्रेट करायला काही नसतंच. ओळखायची खूण सोपी आहे: हेडफोन बंद पडल्यावर पाच मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा चालू करा. भाच्याचा सेट पुन्हा चालू झाला, ५० टक्के दाखवले आणि तीन-चार मिनिटांत परत गेला. थकलेला माणूस ओट्यावर टेकला की चार पावलं चालतो, तसा सेलचा व्होल्टेज विश्रांतीत वर येतो. हिशेब ठेवणारी चिप शून्यावर पोचली असती, तर पाच मिनिटांत शून्याचे पन्नास झाले नसते.

चूक दुसरी: न मोजता निदान करणं

दिवसाचा तास झाला म्हणजे सेल विसाव्या हिश्श्यावर आला, असा सरळ हिशेब आपण करतो. त्याच्या सेटमधला सेल ६०० एमएएचचा, आणि नॉइज कॅन्सलेशन लावून नवा असताना तो २० तास चालायचा. म्हणजे सरासरी ३० मिलिअँपिअर खर्च. आता जेमतेम तास, म्हणजे सुमारे ३५ एमएएच. पण नुसत्या वापराने लिथियम सेल इतका खाली सहसा जात नाही. साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांनंतर त्यात मूळ क्षमतेच्या ७०-८० टक्के उरतात. त्यामुळे दुसरं काहीतरी नक्की होतं.

मी यूएसबी मीटर काढला. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसणारा हा छोटा डबा काही शे रुपयांत मिळतो आणि किती एमएएच आत गेले ते दाखवतो. अशा छोट्या उपकरणांतलं चार्जिंग सर्किट बहुधा साधं असतं, मीटरमधून जाणारा करंटच सेलमध्ये जातो, त्यामुळे आकडा बऱ्यापैकी खरा येतो. अगदी शेवटचा बारीक करंट काही मीटर पकडत नाहीत, तेवढी दहाएक एमएएचची चूक धरायची.

पहिली चाचणी नेहमीच्या वापराची: नॉइज कॅन्सलेशन चालू, आवाज त्याच्या सवयीइतका. १ तास १० मिनिटांत बंद. चार्जिंगला लावल्यावर मीटरने ३८ एमएएच दाखवले.

खरी गंमत दुसऱ्या चाचणीत होती. पूर्ण चार्ज करून नॉइज कॅन्सलेशन बंद केलं, आवाज अगदी हळू ठेवला आणि रात्री टेबलावर वाजत सोडला. साडेचार तास चालला! भरताना मीटरवर ९५ एमएएच.

त्याच सेलमधून हळू काढलं तर ९५ आणि जोरात काढलं तर ३८. हे दोन आकडे शेजारी ठेवले की दुखणं दिसतं. क्षमता तर घटलीच आहे, ६०० वरून ९५ वर. पण सेलचा आतला रोधही वाढलाय. पाण्याची टाकी लहान झाली आणि वर तोटीत गाळ बसला, असा प्रकार.

हेडफोनचा खर्च सरासरी ३० मिलिअँपिअर असला, तरी ढोलाचा ठोका आला किंवा रेडिओने सिग्नल पाठवला की क्षणभर तो १५० पर्यंत उसळतो. रोध वाढलेल्या सेलचा व्होल्टेज त्या क्षणी धपकन पडतो. सुरक्षेसाठी ठरवलेल्या रेषेखाली, समजा ३.३ व्होल्टखाली गेला, की सर्किट सगळं बंद करतं. टक्के मात्र शांत असतानाच्या व्होल्टेजवरून काढलेले असतात. म्हणून ६० टक्क्यांवर मृत्यू.

हेडफोनचा कानावर बसणारा कप उघडल्यावर खात्रीच झाली. सेलच्या टोकांना ३९ ओहमचा एक वॅटचा रेझिस्टर क्षणभर लावला. मल्टिमीटरवर ३.९२ व्होल्ट होते, ते ३.५३ वर आले. करंट सुमारे ९० मिलिअँपिअर, पडझड ०.३९ व्होल्ट, म्हणजे रोध ४ ओहमच्या वर. त्याच मापाच्या नव्या सेलवर हीच चाचणी केली तर व्होल्टेज ०.०१, फार तर ०.०२ व्होल्टने हलला. १५० मिलिअँपिअरला जुन्या सेलची पडझड ०.६५ व्होल्टच्या आसपास. ३.९२ मधून ती वजा करा, ३.३ च्या खालीच जातो.

चूक तिसरी: रिकामा सेट ड्रॉवरमध्ये, भरलेला सेट उन्हात

सेल इतका का खचला, हे विचारल्यावर दोन गोष्टी बाहेर आल्या. कॉलेजला असताना हेडफोन पूर्ण चार्ज करून दिवसभर गाडीच्या डिक्कीत असायचा, एप्रिल-मे महिन्यातही. नाशिकला थंड हवेचं म्हणतात, पण उन्हाळ्यात पारा ४० च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या स्कूटरच्या डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त. भरलेला सेल आणि उष्णता ही सगळ्यात वाईट जोडी. आतल्या ग्रॅफाइटवर असलेला पातळ थर जाड होत जातो, त्यात कामाचं लिथियम अडकतं आणि रोध वाढतो.

नंतर परीक्षेच्या काळात चार महिने तो ड्रॉवरमध्ये पडून होता, बंद पडलेल्या अवस्थेतच. बंद हेडफोनही थेंबथेंब करंट खातो. सेलचा व्होल्टेज फारच खाली गेला, की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. ते नुकसान नंतर कितीही चार्ज करून भरून येत नाही. महिनाभर वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून घरातल्या सावलीच्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. एवढं त्याने केलं असतं तर हा सेल अजून चालला असता, याचं मला खरंच वाईट वाटतं.

चूक चौथी: फक्त एमएएच बघून सेल आणणं

सेल आणायला मी त्याला एम. जी. रोडवर पाठवलं आणि आधी जुन्या सेलवरचा नंबर लिहून घ्यायला लावला: 503040. हा नंबर म्हणजे माप. जाडी ५ मिलिमीटर, रुंदी ३०, लांबी ४०. तेवढ्याच मापात कुणी १००० एमएएच लिहिलेला सेल दाखवला तर घेऊ नका. त्या आकारात तेवढं मावत नाही.

पहिल्यांदा तो दोन वायरींचा सेल घेऊन आला. जुन्याला तीन वायरी होत्या. तिसरी वायर तापमान सांगणाऱ्या थर्मिस्टरची असते. ती नसेल तर बरेच सेट चार्जिंगच घेत नाहीत, दिवा लुकलुकत राहतो. तिथे साधा रेझिस्टर लावून सर्किटला गंडवण्याची युक्ती सांगणारे भेटतील. तसं करू नका. सेल तापला तरी चार्जिंग थांबणार नाही, आणि हा सेल कानाशी असतो. तो परत जाऊन १० किलोओहम थर्मिस्टरचा तीन वायरींचा सेल घेऊन आला. वायरींचा क्रमही आधी मल्टिमीटरने तपासला, कारण रंग सारखे असले तरी लाल-काळ्याची जागा उलटी असू शकते.

बदलताना एका वेळी एकच वायर कापा आणि तिच्या टोकाला लगेच चिकटपट्टी लावा. दोन्ही वायरी एकाच कात्रीत आल्या की कात्रीच शॉर्ट करते. जुना सेल चिकटवलेला असतो, तो स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवा. सेल उशीसारखा फुगलेला असेल, किंवा कपची फट आपोआप उघडलेली दिसली, तर चार्जिंग तिथेच थांबवा आणि हे काम घरी करू नका.

नव्या सेलवर पहिल्या फेरीला साधारण १८ तास मिळाले. टक्क्यांचा आकडाही आपोआप सरळ उतरायला लागला, कारण त्याच्या सेटमध्ये व्होल्टेजच बघितला जातो. तुमच्या सेटमध्ये हिशेब ठेवणारी चिप असेल तर ती अजून जुना सेलच धरून बसलेली असते. कॅलिब्रेशनची फेरी खरी उपयोगी पडते ती इथे, नवा सेल बसवल्यावर, आणि एकदाच. फोनवर टक्के दहा-दहाच्या उड्या घेताना दिसले तर तो दोष समजू नका. बरेच हेडफोन फोनला तेवढंच कळवतात.

हे सगळं डोक्यावर बसणाऱ्या मोठ्या हेडफोनचं. कानात घालायच्या इअरबडचा सेल बहुधा शंभर एमएएचच्याही आतला असतो, कवच गोंदाने बंद असतं, आणि उघडताना माइक किंवा अँटेना तुटायची शक्यताच जास्त. त्यांची हळू-जोरात चाचणी जरूर करा, पण निकाल सेलवर आला तर सर्व्हिस सेंटरला एक बड बदलून मिळतो का ते आधी विचारा.