घरघंटीची जाळी: बारमाही खपणारा माल कसा हेरला

ऑनलाइन विक्री सुरू करायची म्हटलं की आपल्याकडची बरीच मुलं आधी तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेचं किंवा पैठणीचं नाव घेतात. माळेची मागणी नवरात्रात उसळते आणि मग ओसरते. पैठणीत भांडवल अडकून बसतं. मला बारा महिने थोडाथोडा खपणारा माल हवा होता. परभणीत घरघंटी दुरुस्त करणाऱ्या मामांकडे बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली: लोक जाळी मागायला येतात, पण नंबर कुणालाच सांगता येत नाही. "जाळी फाटली की पीठ भरड येतं, मग बाई येतीच बघ," मामा म्हणाले. भाकरीच्या पिठाला बारीक जाळी, लाडवाच्या बेसनाला जाड.

दुकानातली मागणी ऑनलाइन आहे का, हे आधी ॲमेझॉनच्या सर्च पट्टीतच बघितलं. ब्राउझर इन्कॉग्निटो ठेवायचा, नाहीतर आपण पूर्वी शोधलेलंच समोर येतं. मग शब्द अर्धवट टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते वहीत उतरवायचं. लोक जसं लिहितात तसं लिहायचं:

```
atta chakki jali
aata chakki jali
flour mill jali
ghar ghanti jali
```

ज्या स्पेलिंगवर सूचना येतात, ते लोक खरंच शोधतात. मात्र किती लोक शोधतात, ते या यादीतून कळत नाही.

त्यासाठी गुगलची दोन साधनं: शोधांचा चढउतार दाखवणारं ट्रेंड्स आणि शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो ते सांगणारं कीवर्ड प्लॅनर. ट्रेंड्समध्ये भारत निवडून पाच वर्षांचा आलेख काढा. तिथला ० ते १०० हा आकडा शोधांची संख्या नसतो. निवडलेल्या काळातलं टोक १०० धरून बाकीचं त्या मानाने दाखवलेलं असतं. जाळीसारख्या बारीक शब्दाला बऱ्याचदा पुरेसा डेटाच नसतो, तेव्हा `atta chakki` हा मोठा शब्द घ्यायचा. घरात यंत्रं वाढत असतील तर जाळ्याही फाटणार. आलेखात एखादाच उंच सुळका आणि बाकी सपाट रेघ दिसली, तर तो माल सणाचा किंवा हवेचा समजा.

कीवर्ड प्लॅनरमध्ये नवखे हमखास फसतात. गुगलवर जाहिरातीचा खर्च चालू नसेल तर तो महिन्याला १०० ते १ हजार असा ढोबळ पट्टाच दाखवतो. त्याहून घातक म्हणजे त्यातला 'कॉम्पिटिशन: लो' हा रकाना. तो त्या शब्दावर जाहिरात लावणारे किती, एवढंच सांगतो. ॲमेझॉनवर विकणारे किती, याच्याशी त्याचा संबंध नाही.

खरी स्पर्धा पहिल्या पानावर बसून मोजावी लागते, आणि मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवला. आधी प्रायोजित निकाल बाजूला काढा. उरलेल्यांत किती लिस्टिंग खरंच जाळीच्या आहेत आणि किती पूर्ण गिरणीच्या, ते बघा. मग प्रत्येकीचे रिव्ह्यू, फोटो आणि 'गेल्या महिन्यात इतके विकले गेले' ही ओळ. ही ओळ सगळ्यांना नसते, म्हणून बेस्ट सेलर्स रँक, म्हणजे त्या वर्गात खपात कितवा नंबर, तोही बघायचा. कमी खपाच्या वर्गात एका विक्रीनेही रँक झपकन वर येतो आणि परत घसरतो, त्यामुळे एका दिवसाचा रँक बघून काही ठरवू नये. त्याच चार-पाच लिस्टिंगचा रँक काही आठवडे एका शीटमध्ये टिपत राहिलं की नेमाने विकणारा कोण, ते उघडं पडतं.

पहिलं पान रिकामं दिसलं की नवखा खूश होतो. मला रिकामं पान संशयास्पद वाटतं. बहुतेक वेळा तिथे गिऱ्हाईकच नसतं. मी शोधत होतो ती लिस्टिंग अशी: फोटो पुसट, मापाचा पत्ता नाही, रिव्ह्यूत शिव्या, आणि तरी रँक टिकून. जाळीत नेमकं तेच सापडलं. एक तारा देणाऱ्यांचे रिव्ह्यू वाचले की बहुतेकांचं रडगाणं एकच, जाळी बसली नाही. पत्रा वाईट होता असं कमी लोक म्हणत होते.

म्हणून माझ्या लिस्टिंगच्या दुसऱ्याच फोटोत जाळीवर पट्टी ठेवलेली आहे: लांबी, रुंदी, कडेच्या भोकांमधलं अंतर. मजकुरात जुनी जाळी कशी मोजायची ते दिलंय. गिरणीच्या कंपनीचं नाव 'अमुक मॉडेलला बसते' एवढ्यापुरतंच. आपला माल त्यांचाच आहे असं भासवलं तर लिस्टिंग उडते.

माल उचलण्याआधी ॲमेझॉनच्या फी कॅल्क्युलेटरवर आकडे टाका. समजा जाळी २५० रुपयांना विकली आणि फी, शिपिंग, खरेदी, पॅकिंग जाऊन ४० उरले. एक परत आली आणि त्यात जाण्यायेण्याचे १२० गेले, तर तीन जाळ्यांची कमाई साफ. दहात एक परत आली तरी नऊ जाळ्यांच्या ३६० तून २४० उरतात. दहात तीन आल्या तर सातांच्या २८० समोर ३६० चा खड्डा. म्हणून मी आधी मामांकडे सगळ्यात जास्त मागितली जाणारी दोनच मापं घेतली, आणि 'बसली नाही' या कारणाने किती परत येतात ते कळेपर्यंत तिसरं माप मागवलं नाही.