सभेच्या सारांशात नुसतं ‘(हशा)’ लिहून भागत नाही : या चुका टाळा

सोसायटीची वार्षिक सभा ऑनलाइन होते, रेकॉर्डिंग निघतं, त्यावरून ट्रान्स्क्रिप्ट तयार होतं आणि मग कुणीतरी दोन पानांचा सारांश करतं. ज्या सभासदाला कमी ऐकू येतं, त्याचा सगळा भरवसा या दोन पानांवर असतो. पण तो सभेला हजर होता, हे सारांश लिहिणारा विसरतो. त्याने चेहरे पाहिलेले असतात. एकेचाळिसाव्या मिनिटाला चार-पाच जण हसले, हे त्याला दिसलं. का हसले, ते कळलं नाही. सारांशात त्याला नेमकं तेच हवं असतं आणि नेमकं तेच गाळलेलं असतं.

इथे इतिवृत्ताबद्दल बोलत नाही. इतिवृत्तात ठराव, सूचक, अनुमोदक एवढं आलं की काम झालं. सारांशाने सभेत काय घडलं ते सांगायचं असतं आणि सभेतलं बरंच काही शब्दांच्या मधल्या जागेत घडतं.

एक तुकडा घेऊ. लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय चालू आहे. ट्रान्स्क्रिप्ट असं :

४१:०६ अध्यक्ष : मग हे काम याच ठेकेदाराला द्यायचं. कुणाची हरकत?
४१:२१ अध्यक्ष : नाही ना? मग मंजूर.
४१:२४ सभासद (३०२) : पण मागच्या वेळची आगाऊ रक्कम आपण त्याला
४१:२७ खजिनदार : तो विषय आज अजेंड्यावर नाही.
४१:२९ सभासद (१०४) : अजेंड्यावर येतो कधी तो! (हशा)
४१:३८ अध्यक्ष : पुढचा विषय.

आणि त्यावरून केलेला सारांश : ‘लिफ्टचे काम त्याच ठेकेदाराला देण्याचे सर्वानुमते ठरले. आगाऊ रकमेबाबत चर्चा झाली. (हशा)’. तीन वाक्यांत तीन चुका आहेत.

चूक पहिली : शांततेला होकार समजणे

अध्यक्षांचा प्रश्न ४१:१० ला संपतो आणि त्यांचंच पुढचं वाक्य ४१:२१ ला येतं. मधले अकरा सेकंद ट्रान्स्क्रिप्टमध्ये दिसतच नाहीत, कारण तिथे ओळी एकाखाली एक लागलेल्या असतात. वाचणाऱ्याला वाटतं, प्रश्न विचारला आणि लगेच मंजूर झालं.

अकरा सेकंद म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून : जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. म्हणजे एक सेकंदाची शांततासुद्धा समोरच्याला जाणवते. तरी प्रत्येक सेकंदाची नोंद करत बसू नये. सारांशासाठी साधा ठोकताळा असा : दोन सेकंदांच्या आतलं सोडून द्या. एखाद्याला थेट प्रश्न विचारला आणि तो तीन-चार सेकंद थांबला, तर ‘थोडं थांबून म्हणाले’ एवढं पुरे. पाच सेकंदांच्या वर गेलं, तर आकडा लिहा. ऑनलाइन सभेत जाळ्याच्या दिरंगाईत सेकंदभर सहज जातो, म्हणून तिथे हात थोडा सैल ठेवा.

शांतता कुठे आहे हे शोधायला सगळं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायची गरज नाही. संगणकावर ffmpeg हा ध्वनी-चित्रफिती हाताळणारा प्रोग्राम असेल, तर टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्या, sabha.mp4 च्या जागी आपल्या फाइलचं नाव घालून :

```
ffmpeg -i sabha.mp4 -af silencedetect=noise=-35dB:d=3 -f null -
```

तीन सेकंद किंवा त्याहून लांब शांतता कुठे सुरू झाली, कुठे संपली आणि किती लांबली हे silence_start, silence_end आणि silence_duration या नावांनी पडद्यावर येतं. काहीच आलं नाही तर बहुतेक वेळा कारण एकच असतं : कुणाच्या तरी माइकमधून पंखा ऐकू येतोय आणि फाइलच्या लेखी शांतता अशी कधी झालीच नाही. -35dB ही मर्यादा आहे, तिच्या खालचा आवाज शांतता धरला जातो. तेव्हा -35dB च्या जागी -30dB, मग -25dB करून पाहा. याउलट पानभर यादी आली, तर हळू बोलणाऱ्यांचे शब्दही शांततेत मोजले जातायत. आकडा -40dB कडे न्या.

ही यादी फक्त जागा दाखवते. कारण शोधायला त्या जागी चित्र पाहावं लागतं आणि खरी मेख तिथेच असते. आपल्या तुकड्यात ४१:१६ ला ३०२ च्या चौकटीत ओठ हलताना दिसतात, पण आवाज नाही. माइक बंद होता. म्हणजे ज्याला सारांशाने ‘सर्वानुमते’ म्हटलं, त्या शांततेत एक माणूस बोलत होता. ओठ वाचायची सवय असलेल्या वाचकाने हे कदाचित तेव्हाच पाहिलं असेल आणि सारांशात ‘सर्वानुमते’ वाचून तो स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेईल.

नोंद करताना ‘अस्वस्थ शांतता पसरली’ असं लिहू नका. ते कथेत शोभतं. किती वेळ, कशानंतर आणि त्या वेळात काय दिसलं, एवढं दिलं की अस्वस्थता होती की नाही हे वाचणारा ठरवेल. माइक बंद, जाळं तुटलं, कागद शोधत होते अशी कारणं दिसली तर ती मात्र न चुकता लिहा. नाहीतर कागद शोधणारा खजिनदार उगाच गडबडलेला दिसतो.

चूक दुसरी : तोडलेलं वाक्य पुरं करणे

मराठीत ही चूक फार महागात पडते, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘मागच्या वेळची आगाऊ रक्कम आपण त्याला…’ इथे वाक्य तुटलं, तर पुढे ‘दिली’ होतं, ‘दिलीच नाही’ होतं, की ‘का दिली’ होतं, हे कुणालाच माहीत नाही. आरोप, माहिती आणि प्रश्न, तिन्ही त्या न बोललेल्या एका शब्दात आहेत. सारांश लिहिणारा नकळत ‘दिली’ भरतो किंवा ‘चर्चा झाली’ म्हणून सगळ्यावर पांघरूण घालतो. चर्चा झालीच नाही. प्रश्नच पुरा होऊ शकला नाही.

अडथळ्याच्या नोंदीत तीन गोष्टी याव्यात : कुणी तोडलं, कुठल्या शब्दांनी तोडलं आणि बोलणाऱ्याला नंतर वाक्य पुरं करता आलं का. तिसरी बहुतेक वेळा राहून जाते. संसदेच्या कामकाजाच्या हिंदी वृत्तांतात ‘(व्यवधान)’ असा एकच शब्द येतो. तिथल्या गोंधळात ते समजण्यासारखं आहे. पंचवीस माणसांच्या सभेत कुणी तोडलं हे ठाऊक असताना नुसता ‘(अडथळा)’ लिहिणं म्हणजे नाव लपवणं.

अडथळा ओळखायचा कसा? ट्रान्स्क्रिप्टमध्ये ओळ क्रियापदाशिवाय संपली आणि पुढची ओळ दुसऱ्याची असेल, तर तिथे जाऊन ऐका. पण दोन आवाज एकावर एक आले म्हणजे अडथळाच, असंही नाही. समोरचा बोलत असताना ‘हो हो’, ‘बरोबर’, ‘अगदी’ म्हणत राहणं ही आपली ऐकण्याची रीत आहे. बोलणारा न थांबता पुढे गेला, तर तो हुंकार. सारांशात त्याला जागा नाही. बोलणारा थांबला, तर तो अडथळा. उलटही घडतं : वाक्य माणसाने स्वतःच सोडून दिलेलं असतं किंवा आवाज तुटलेला असतो. मग ‘वाक्य अर्धवट सोडले’ किंवा ‘आवाज गेला’ असं लिहा, दुसऱ्याच्या माथी मारू नका.

चूक तिसरी : ‘(हशा)’ असा शिक्का मारणे

छापील भाषणांत ‘(हशा)’, ‘(हशा आणि टाळ्या)’ वाचायची सवय असल्याने हा शिक्का हाताला येतो. भाषणात तो चालतो. बोलणारा एक, हसणारे श्रोते. सभेत मात्र पहिला प्रश्न पडतो, कुणावर हसले? कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो, कारण आपल्यावरच हसले असतील ही शंका त्याच्या मनात आधी येते.

म्हणून शिक्का काढा आणि वाक्य लिहा : कशावर हसले, कोण हसले, ज्याच्याबद्दल ते होतं तो हसला का आणि हसण्यामुळे पुढे काय झालं. यातलं तिसरं सगळ्यात बोलकं आहे. खजिनदारही हसले असते, तर ती थट्टा. ते हसले नाहीत, म्हणून तो टोला. ‘उपरोधिक’, ‘खवचट’ अशी विशेषणं न लावताही फरक कळतो.

‘खी खी’, ‘ख्या ख्या’ असं लिहून आवाज उभा करायचा मोह टाळावा. लहानपणापासून ज्याने हे आवाज ऐकले नाहीत, त्याला त्यांतून काही मिळत नाही. आणि ऑनलाइन सभेत हसणाऱ्यांची मोजदाद कानाने करू नका. माइक सुरू असलेल्या दोघांचंच हसणं रेकॉर्ड होतं, आवाज गाळणारी सोय कधी तेही कापते. पडद्यावर मात्र पाच जण हसत असतात.

दुरुस्त केलेला सारांश

‘हे काम त्याच ठेकेदाराला देण्यास कोणाची हरकत आहे का, असे अध्यक्षांनी विचारले. ११ सेकंद कोणाचा आवाज आला नाही. याच वेळात ३०२ चे सभासद बोलताना दिसतात, पण त्यांचा माइक बंद होता. अध्यक्षांनी विषय मंजूर झाल्याचे सांगितले. माइक सुरू झाल्यावर ३०२ यांनी मागच्या आगाऊ रकमेचा विषय काढला. “तो विषय आज अजेंड्यावर नाही” असे म्हणून खजिनदारांनी त्यांना मध्येच थांबवले. वाक्य पुरे झाले नाही. “अजेंड्यावर येतो कधी तो!” असे १०४ यांनी म्हटल्यावर चार-पाच जण हसले, खजिनदार हसले नाहीत. हसणे थांबताच अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला.’

पहिल्यापेक्षा हा सहा-सात पट लांब आहे आणि सगळी सभा अशी लिहिली तर कुणी वाचणार नाही. म्हणून चाळणी लावा : नोंद खोडून पाहा. ती खोडल्यावर निर्णयाचा, उत्तराचा किंवा दोन माणसांमधल्या संबंधाचा अर्थ बदलत नसेल, तर ती गेलेलीच बरी. खोकला, खुर्चीचा आवाज, सुरुवातीचं ‘ऐकू येतंय का?’ हे सगळं या चाळणीतून आपोआप गळतं.

सारांश पाठवण्याआधी रेकॉर्डिंगचा आवाज पूर्ण बंद करा आणि दीडपट वेगाने नुसतं पाहा. सगळे एकदम हसले, कुणी हात वर केला, कुणी बोलता बोलता थांबला, अशा प्रत्येक जागी रेकॉर्डिंग थांबवून सारांशात त्या मिनिटाचं काही सापडतं का ते बघा. सापडलं नाही, तर आवाज सुरू करून तेवढाच तुकडा पुन्हा ऐका.