या चुका टाळा: राहूने रास बदलली, पण तुमच्या ग्रहापर्यंत तो पोचला का?

गेल्या वर्षी मे महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक गृहस्थ पत्रिका घेऊन घरी आले. वृषभ लग्न, दशमात कुंभेचा चंद्र. "राहू चंद्रावर आलाय म्हणं. वखार घ्यायची होती, थांबवू का?" त्या वेळी राहू कुंभेत शिरून जेमतेम चार दिवस झाले होते, आणि यांचा चंद्र होता कुंभेच्या ९ अंशावर.

इथेच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक होते. राहू-केतू उलटे चालतात. त्यामुळे राहू राशीत शिरतो तो शून्य अंशावर नाही, तिसाव्या अंशावर, आणि तिथून खाली उतरत येतो. १८ मे २०२५ ला तो मीनेतून कुंभेत आला तेव्हा या चंद्रापासून २१ अंश लांब होता. एक अंश उतरायला त्याला साधारण १९ दिवस लागतात. म्हणून तीसमधून आपल्या ग्रहाचे अंश वजा करायचे आणि उरलेल्याला १८.९ ने गुणायचे. इथे २१ × १८.९ म्हणजे ३९७ दिवस. राहू या चंद्रावर येतो तो जून २०२६ च्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे वखारीचा प्रश्न विचारला त्यानंतर तेरा महिन्यांनी. मागे-पुढे एकेक अंश मोकळा धरला, तर मेअखेर ते जुलैचा पहिला आठवडा हा खरा पाहायचा काळ. सबंध दीड वर्ष धास्तीत काढायचं कारण नाही.

दुसरी चूक, राहूकडे बघताना केतूला विसरायचं. दोघं नेहमी समोरासमोर, त्याच अंशावर असतात. याच पत्रिकेत चतुर्थात, सिंहेच्या २४ अंशावर शुक्र आहे, आणि त्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. सहा अंश, म्हणजे ११३ दिवस. केतू तिथे सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात पोचणार होता. म्हणजे या पत्रिकेला अक्षाचा पहिला स्पर्श राहूचा नाही, केतूचा, आणि तो दशमात नाही, चतुर्थात. घर, वाहन, जागेची कागदपत्रं यांचं स्थान. मी म्हटलं, वखार घ्या, फक्त सातबारा आणि फेरफार सप्टेंबरच्या आधी वकिलाकडून तपासून घ्या. (हे केतू नसता तरी सांगितलं असतं, ती गोष्ट वेगळी.)

तारखा जुळत नाहीत, अशी तक्रार बरेच जण करतात. एका पंचांगात राशीपालट १८ मे, दुसऱ्यात २९ मे. दोन्ही बरोबर आहेत. पहिलं मध्यम राहू घेतं, दुसरं स्पष्ट राहू. स्पष्ट राहू मागे-पुढे हेलकावे खातो, मध्यमापासून दीड अंशापर्यंत सरकतो, म्हणजे तारखेत महिनाभराचाही फरक पडू शकतो. मोबाइलवरच्या ॲपच्या सेटिंगमध्ये कोणता आहे ते बघा आणि एकच धरून चाला. ॲप जर २०२५ च्या जूनमध्येही राहू मीनेतच दाखवत असेल, तर ते सायन पद्धतीचं आहे. आपल्याकडच्या निरयन पत्रिकेवर ते लावू नका.

जन्मवेळ अंदाजे असेल तर? चंद्र तासाला अर्धा अंश चालतो. वेळ तासभर चुकली, तर वरची तारीख नऊ-दहा दिवस हलते, ते चालतं. पण लग्न सुमारे दोन तासांत बदलतं. दशम-चतुर्थाचा अक्ष नवम-तृतीय होऊन बसतो आणि सगळं वाचनच फिरतं. वेळ धड माहीत नसेल तर स्थानं सोडा, चंद्राचे अंश तेवढे धरा.

'अठरा' या आकड्यानेही घोळ होतो. राहूची महादशा १८ वर्षांची, राशीतला मुक्काम १८ महिन्यांच्या थोडा वर, आणि सगळ्या राशींचा फेरा साडेअठरा वर्षांच्या जरा पुढे. पैकी हा फेरा पडताळ्याला उपयोगी आहे. याच चंद्रावर राहू यापूर्वी नोव्हेंबर २००७ च्या सुमाराला होता. गृहस्थांना विचारलं तेव्हा काय झालं होतं. बराच वेळ आठवून म्हणाले, "काय विशेष न्हाई. थोरल्याची मुंज झाली."

एका गोचराचं खापर दुसऱ्यावर फोडायचं नसेल, तर शेजारच्या तारखाही बघा. शनी मीनेत आला २९ मार्च २०२५ ला, गुरू मिथुनेत १४ मेला, आणि चारच दिवसांनी राहू-केतू. त्या उन्हाळ्यात जे काही घडलं ते राहूचंच, असं छातीठोक सांगणाऱ्याला आधी त्याच्या ग्रहाचे अंश विचारा. ५ डिसेंबर २०२६ ला मध्यम राहू मकरेत आणि केतू कर्केत जातो. तेव्हा मकर किंवा कर्केत ज्यांचा ग्रह २८-२९ अंशांवर आहे, त्यांच्या तारखा महिना-सव्वा महिन्यातल्या. चार-पाच अंशांवर असेल, तर २०२८ उजाडेल.