सप्तम स्थानात २५ रेखा पडल्या म्हणून रडू नका, आधी असं मोजा

मुलीच्या पत्रिकेत सप्तमात, म्हणजे जोडीदाराच्या घरात, अष्टकवर्गाच्या २६ रेखा आल्या, सरासरी २८, म्हणजे सासरचा सपोर्ट नाही... असे मेसेज मला दर आठवड्याला येतात. हा हिशोबच थोडा चुकीचा आहे आणि का ते एकदा कळलं की सप्तम बघायची पद्धतच बदलते. अष्टकवर्ग म्हणजे प्रत्येक राशीला ग्रहांकडून आणि लग्नराशीकडून किती शुभ खुणा मिळतात त्याची मोजणी, आणि मी तिचा वापर एवढ्यासाठीच करते, की जोडीदार असो नाहीतर धंद्यातला पार्टनर, त्या घराला बाकीच्या ग्रहांचा आधार किती. माणूस कसा निघेल ते यातून कळत नाही.

आधी तक्ता तपासा. सात ग्रहांचे सात वेगळे तक्ते असतात, त्यांना त्या त्या ग्रहाचा वर्ग म्हणतात, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे सर्वाष्टकवर्ग. अ‍ॅपमधून किंवा छापील पत्रिकेतून तो काढा आणि बाराही राशींची बेरीज करा, ती ३३७ च यायला हवी. ३८६ आली तर सॉफ्टवेअरने लग्नराशीचा वेगळा अष्टकवर्गही त्यात मिळवलाय, त्या आकड्याला २८ चा नियम लावू नका. आणि ३३५ आली तर आणखी गंमत, तुम्ही अशुभ खुणा मोजताय! कुठे शुभाला रेखा म्हणतात तर कुठे बिंदू, त्यात हा घोळ होतो. एकूण जागा ६७२, त्यातल्या ३३७ शुभ, उरलेल्या ३३५. दोनचाच फरक असल्याने पटकन लक्षातच येत नाही.

मग सप्तमाची राशी धरा. लग्नराशीपासून सातवी राशी, चलित कुंडली नको. (लग्न म्हणजे उदय राशी हं, मांडवातलं नाही.) जन्मवेळ राशीच्या सीमेवर असेल तर आधी वेळ पक्की करा, नाहीतर भलत्याच घराचे आकडे वाचाल.

आता २८ विसरा. ३३७ भागिले १२ म्हणजे २८, ही झाली सगळ्या राशींची सरासरी. पण आकडे आठ जण देतात, सात ग्रह आणि लग्न. लग्न स्वतः एकूण ४५ देतं आणि ते घराप्रमाणे ठरलेले असतात, लाभस्थानाला ७ आणि सप्तमाला फक्त १, कुणाचीही पत्रिका असो! तोही एकट्या गुरूच्या वर्गात. उरलेले २९२ बारा घरांत वाटले तर घरटी २४ च्या आसपास, त्यात तो १ मिळवला की सप्तमाची खरी सरासरी होते साधारण २५. म्हणजे २६ वाली मुलगी काठावर नाही, ठीकठाक आहे. मी स्वतः २२ च्या खाली गेलं तरच थांबून बघते.

उदाहरण घेऊ. कन्या लग्न, सप्तमात मीन रास आणि तिथेच मंगळ बसलाय, घरच्यांनी मंगळाचा धसका घेतलेला. रवी-बुध वृश्चिकेत, शुक्र तुळेत, शनी धनूत, गुरू वृषभेत, चंद्र कर्केत. मीनेला गुरूकडून ७ मिळतात कारण ती त्याच्यापासून अकरावी, बुधाकडून ६, मंगळ, शुक्र आणि शनी प्रत्येकी ४, रवी-चंद्र २-२, लग्नाचा तो ठरलेला १. एकूण ३०. म्हणजे ज्या घराला सगळे घाबरत होते तिथे आधार सरासरीपेक्षा चांगला, आणि ज्या मंगळाची भीती तोही चार देतोय.

पण बेरजेवर थांबू नका, शुक्राचा वर्ग वेगळा बघा. शुक्राच्या एकूण ५२ असतात म्हणजे एका राशीला चारच्या थोडं वर. इथे मीनेत चंद्र, बुध, गुरू, शनी देतात, म्हणजे ४. मध्यम. एकूण आकडा मोठा आणि शुक्राच्या वर्गात दोनच, अशा पत्रिकाही येतात, तिथे मी असं वाचते की घरदार, नातेवाईक, पैसा सगळ्यांची साथ आहे पण दोघांमधली ओढ कमावावी लागेल. धंद्यातल्या पार्टनरसाठी मी शुक्राऐवजी बुधाचा वर्ग बघते.

शेवटी गोचर, म्हणजे ग्रहांची सध्याची चाल. शनी मार्च २०२५ मध्ये मीनेत आला, म्हणजे या पत्रिकेच्या सप्तमात. शनीच्या स्वतःच्या वर्गात मीनेला इथे फक्त गुरू आणि शुक्राच्या मिळून २ रेखा, सरासरी तीनच्या थोडी वर. म्हणून एकूण ३० असूनही या शनीच्या मुक्कामात बोलणी रखडणं, तारीख पुढे जाणं, पार्टनरशी हिशोबावरून कुरबुर हे मी धरून चालेन, आणि बघायला आलेल्यांनी नकार दिला तर त्याचं खापर त्या बिचाऱ्या मंगळावर फोडणार नाही.